एका गिऱ्हाइकामागे जाहिरातीत किती घालवायचे? आधी लोक वेगळे करा, मग भागाकार करा

पत्र: «मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. दोन वर्षांपासून घरून गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी विकते, ओळखीत आणि इन्स्टाग्रामवर. एजन्सीची फी धरून महिन्याला १०,००० रुपये जाहिरातीत जातात, त्यात साधारण ४० नवे लोक येतात, म्हणजे माणशी २५० पडले. पहिल्या ऑर्डरवर मला सुटतात १८०. हे म्हणतात, हा तोट्याचा धंदा आहे, जाहिरात बंद कर. एजन्सीवाला म्हणतो तुमच्या गिऱ्हाइकाची लाइफटाइम व्हॅल्यू अडीच हजार आहे, रिपीट रेट ४१ टक्के आहे, माणशी ८०० गेले तरी हरकत नाही, बजेट वाढवा. मला मात्र हल्लीचे लोक परतच येत नाहीत असं वाटतं. ऑर्डरची शीट सोबत जोडली आहे. कोणाचं ऐकू?»

ताई, शीट जोडलीत हे फार बरं केलंत, कारण या प्रश्नाचं उत्तर त्या शीटमध्येच आहे, माझ्याकडे किंवा एजन्सीवाल्याकडे नाहीये. निकाल आधी सांगतो आणि मग तो कसा आला ते सविस्तर: जाहिरात बंद करू नका, पण वाढवूही नका, आणि ८०० चा आकडा तर डोक्यातून काढूनच टाका. तुमची वरची मर्यादा माणशी ३२० च्या आसपास येते, तीसुद्धा वर्षभराच्या गिऱ्हाइकांसाठी, दिवाळीच्या गिऱ्हाइकांसाठी ती आणखी खाली आहे.

आधी ती लाइफटाइम व्हॅल्यू, म्हणजे एका गिऱ्हाइकाकडून एकूण किती मिळतं तो आकडा, ते अडीच हजार कुठून आले ते बघू. तुमच्या शीटमधून मी जाहिरातीतून आलेले आणि परत परत घेणारे लोक काढले, त्यांच्या सरासरी साडेतीन ऑर्डर होतात, एक ऑर्डर ७०० धरली की २,४५० होतात. झाले अडीच हजार. यात दोन चुका आहेत आणि दोन्ही एकाच दिशेने जातात. पहिली अशी की हे फक्त परत आलेल्या लोकांचे आकडे आहेत, पण जाहिरातीचे पैसे तुम्ही सगळ्यांवर घालवता, एकदाच घेऊन गायब झालेल्यांवरही. जाहिरात दाखवताना कोण परत येणार हे कळत नाही ना, मग सरासरी काढताना त्यांना वगळून कसं चालेल. दुसरी चूक म्हणजे २,४५० ही विक्री आहे, तुमच्या हातात राहणारे पैसे नाहीत. त्यातला मोठा भाग तर सियागंजच्या बाजारातच जातो धणे, खोबरं, डाळींमध्ये. जाहिरातीचा खर्च विक्रीतून भागत नाही, विक्रीतून माल, पॅकिंग, कुरिअर वजा झाल्यावर जे उरतं त्यातून भागतो.

तुमचा १८० चा हिशेब मी तपासला, तो बरोबर आहे. जीएसटी आणि पहिल्या ऑर्डरचं कूपन वजा करून हातात येतात ६००, त्यातून कच्चा माल, भाजणं-दळणं आणि बायकांची किलोमागची मजुरी मिळून २८०, पाऊच आणि खोका ३२, कुरिअर ७८, आणि पेमेंटचं कमिशन आणि परत आलेल्या सीओडी पार्सलचा वाटा मिळून ३०. राहिले १८०. हा शेवटचा ३० चा आकडा बहुतेक लोक धरतच नाहीत, तुम्ही धरलात. पार्सल परत आलं की जायचं आणि यायचं दोन्ही भाडं आपल्यालाच बसतं आणि मेतकुटाचं पाकीट दोन आठवडे ट्रकमध्ये फिरून आलेलं असतं ते परत विकता येत नाही. फक्त एक करा, मालाचा भाव आजचा धरा, मागच्या वर्षीचा नाही. खोबरं आणि धणे वर्षात चांगलेच हलतात आणि इथले ३० रुपये इकडेतिकडे झाले की पुढचं सगळं उत्तर बदलतं.

परतीच्या ऑर्डरवर मात्र तुम्हाला १८० नाही, २२० सुटतात, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. तिथे कूपन नसतं, माणूस एकदा चव बघितलेला असतो म्हणून दोन पाकिटं जास्त घेतो, ऑर्डर ७०० ची होते, आणि कुरिअरचं भाडं अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतं त्यामुळे पाकीट वाढलं तरी भाडं त्याच प्रमाणात वाढत नाही. शिवाय ओळखीचं गिऱ्हाईक पार्सल परत पाठवत नाही. म्हणून पहिली ऑर्डर १८०, पुढची प्रत्येक २२०, असे दोन वेगळे आकडे ठेवा.

आता खरा मुद्दा, रिपीट रेट. ४१ टक्के हा आकडा खोटा नाहीये पण तो तुमच्या प्रश्नाचा नाहीये. त्यात गेल्या वर्षी जानेवारी ते जूनमध्ये आलेले ३२० लोक आहेत, त्यातले १३० परत आले, म्हणून ४१ टक्के. पण या ३२० मध्ये १२० लोक तुमच्या ओळखीतले आहेत, सुदामा नगरातल्या मैत्रिणी, गणपतीतल्या स्टॉलवर नंबर दिलेले, भिशीतल्या, आणि त्यांच्यातले ६६ परत आले म्हणजे ५५ टक्के. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतून आलेले २०० आहेत, त्यातले ६४ परत आले, म्हणजे ३२ टक्के. ओळखीच्या माणसाला आणायला तुम्ही एक पैसा खर्च केला नाही आणि तो परत येतो ते थोडं चवीसाठी, थोडं तुमच्यासाठी. त्याचा परतीचा दर जाहिरातीवाल्याच्या खात्यात धरला की जाहिरात आहे त्यापेक्षा चांगली दिसते. जाहिरातीवर किती घालवायचं हे ठरवायचं असेल तर फक्त जाहिरातीतून आलेले लोक मोजा, बाकीच्यांना या हिशेबात जागा नाही.

आणि तुम्हाला वाटतं ना, हल्लीचे लोक परत येत नाहीत, तेही बघितलं. मे ते जुलै या तीन महिन्यांत जाहिरातीतून ११८ नवे आले, त्यातले परत आलेत १४, म्हणजे १२ टक्के. हा आकडा बघून कोणीही घाबरेल. पण जुलैच्या शेवटी आलेल्या बाईचं २०० ग्रॅमचं गोड्या मसाल्याचं पाकीट अजून अर्धं डब्यात आहे, ती परत कशाला येईल. तुमच्या शीटमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरमधलं अंतर निम्म्या लोकांचं ५० दिवसांच्या वर आहे. म्हणून ज्याला परत यायला पुरेसा वेळच मिळाला नाही त्याला «आला नाही» म्हणून मोजायचं नाही. नियम एवढाच, एका काळात आलेल्या लोकांचा गट करायचा, त्या गटातल्या प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पहिल्या ऑर्डरपासून सारखाच वेळ द्यायचा, आणि तेवढ्या वेळात काय झालं ते मोजायचं. मी १२ महिने धरले आणि गेल्या वर्षीचे जानेवारी ते जूनचे लोक घेतले, कारण आज ऑगस्टमध्ये त्यातल्या शेवटच्या माणसाचंही वर्ष पूर्ण झालंय. मे-जुलैच्या लोकांबद्दल आत्ता मत बनवायचंच असेल तर जुन्या गटाचे पण तेवढ्याच दिवसांचे आकडे काढून शेजारी ठेवा, तसं सोडून तुलना करू नका.

शीटमध्ये हे कसं काढायचं ते सांगतो, तासाभराचं काम आहे. A मध्ये तारीख, B मध्ये फोन, C मध्ये रक्कम आणि D मध्ये कुठून आले, असं तुमचं आहेच. तारखेप्रमाणे जुनं वर नवं खाली लावून घ्या आणि परत आलेली सीओडी पार्सलं काढून टाका, ती ऑर्डर झालीच नाही. मग E, F, G अशा तीन कॉलममध्ये हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
E2: =RIGHT(SUBSTITUTE(B2," ",""),10)
F2: =MINIFS(A:A,E:E,E2)
G2: =COUNTIFS(E$2:E2,E2)
```

E मध्ये फोन नंबरचे शेवटचे दहा आकडे येतात, कारण एकच माणूस एकदा +91 लावून, एकदा शून्य लावून, एकदा मध्ये जागा सोडून नंबर देतो आणि शीटला ते तीन वेगळे लोक वाटतात. तुमच्या शीटमध्ये असे बरेच निघाले. F मध्ये त्या नंबरची पहिली ऑर्डर कधीची ते येतं आणि G मध्ये ही त्याची कितवी ऑर्डर आहे ते. मग फिल्टर लावून D मध्ये इन्स्टाग्राम, F मध्ये गेल्या वर्षीचे जानेवारी ते जून, आणि A वजा F हे ३६५ किंवा त्याहून कमी, एवढंच ठेवायचं आणि G मध्ये किती १, किती २, किती ३ आहेत ते मोजायचं. एक लक्षात ठेवा, D मध्ये माणूस पहिल्यांदा कुठून आला तेच प्रत्येक ओळीत असलं पाहिजे, नाहीतर जाहिरातीतून आलेली बाई दुसऱ्यांदा व्हॉट्सॲपवरून मागवते आणि तिची ती ऑर्डर गळून जाते. आणि कुणी मंगळवारी मसाला मागवला आणि गुरुवारी «अहो मेतकूट राहिलं» म्हणून परत मागवलं तर ती एकच ऑर्डर धरा, सात दिवसांच्या आतलं सगळं एक.

तर २०० लोकांचं असं निघालं. दुसरी ऑर्डर ६४ लोकांनी दिली. तिसरी ३८ जणांनी. चौथी २६, पाचवी १९, आणि सहावी व त्यापुढच्या मिळून १३ ऑर्डर. परतीच्या एकूण ऑर्डर झाल्या १६०, म्हणजे जाहिरातीतून आलेल्या प्रत्येक माणसामागे, गायब झालेले धरून, वर्षात ०.८ परतीची ऑर्डर.

हे आकडे जरा नीट बघा, यात तुमच्या धंद्याचं सगळं दिसतं. २०० मधून ६४ म्हणजे ३२ टक्केच पुढे सरकले, पण त्या ६४ मधून ३८ म्हणजे ५९ टक्के, मग ३८ मधून २६ म्हणजे ६८ टक्के, मग २६ मधून १९ म्हणजे ७३ टक्के. गळती सगळी पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरच्या मध्ये आहे. जी बाई दुसऱ्यांदा मसाला मागवते तिच्या घरातल्या आमटीला तुमची चव लागलेली असते, ती सहसा सुटत नाही.

याचमुळे नेटवर जो एका ओळीचा फॉर्म्युला मिळतो, एक भागिले एक वजा रिपीट रेट, तो तुमच्याकडे चालत नाही. तो असं धरून चालतो की प्रत्येक पायरीवर सारखेच लोक गळतात आणि गिऱ्हाईक अनंत काळ चालू राहतं. ३२ टक्के टाकले तर माणशी दीड ऑर्डर येते, ६० टक्के टाकले तर अडीच येतात, आणि खरं वर्षभरातलं उत्तर आहे १.८. म्हणून फॉर्म्युल्याच्या मागे लागू नका, तुमच्याकडे मोजून आलेलं खरं उत्तर आहे ना, ते वापरा.

आता किंमत काढा:

```
180 + 0.8 × 220 = 356
```

जाहिरातीतून आलेला एक माणूस वर्षभरात तुम्हाला सरासरी ३५६ रुपये देतो. अडीच हजार कुठे आणि ३५६ कुठे. माणशी ८०० घालवले असते तर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे ४४४ रुपये खड्ड्यात गेले असते. पण अहोंचंही पूर्ण बरोबर नाही, कारण २५० घालून ३५६ येतायत, १०६ उरतायत, फक्त ते पहिल्या दिवशी येत नाहीत.

वर्षापुढे का नाही धरलं असं विचाराल तर तुमचा धंदा दोन वर्षांचा आहे, तिसऱ्या वर्षी लोक काय करतील याचा पुरावा तुमच्याकडेच नाही, आणि ज्याचा पुरावा नाही त्याच्या जिवावर आज पैसे घालायचे नाहीत. पुढच्या वर्षी जे येईल ते वरचं समजा.

पण ३५६ पर्यंत जायचं का? नाही. त्याची कारणं तुमच्या शीटमध्येच आहेत.

एक म्हणजे २०० लोक हा लहान गट आहे. ६४ ऐवजी नुसत्या योगायोगाने ५२ आले असते किंवा ७६ आले असते तरी नवल नव्हतं, म्हणजे ३२ टक्क्यांच्या जागी खरा आकडा २६ पासून ३८ पर्यंत कुठेही असू शकतो. खालची बाजू धरून बघा, २६ टक्के परत येतात आणि परत येणाऱ्याच्या सरासरी अडीच परतीच्या ऑर्डर, म्हणजे ०.६५, त्याला २२० ने गुणलं की १४३, अधिक १८०, झाले ३२३. म्हणून मी वर ३२० म्हणालो. तिथे भिंत समजा, त्याच्या पलीकडे तुम्ही नशिबावर खेळताय.

दुसरं, पैसे अडकतात किती दिवस. २५० घातले, १८० पहिल्या ऑर्डरला परत आले, ७० अडकले. २०० लोकांचे १४,००० अडकले होते आणि पहिल्या चार महिन्यांत या गटाच्या परतीच्या ६६ ऑर्डर आल्या, ६६ गुणिले २२० म्हणजे १४,५२०, सुटले. चार महिन्यांत भरपाई. दर महिन्याला ४० नवे धरले तर एका वेळी तुमचे जास्तीत जास्त दहा-अकरा हजार बाहेर असतात, ते घरच्या पैशातून पेलतंय तुम्हाला. पण हेच माणशी ३५० घातले असते तर भरपाईला बारावा महिना उजाडला असता आणि तोवर दिवाळीचा माल भरायला हातात पैसा उरला नसता. नफा कागदावर आहे आणि धण्याची पोती घ्यायला पैसे नाहीत, अशी अवस्था मी इंदुरातच चांगल्या चालणाऱ्या घरगुती धंद्यांची बघितलीय, आणि ती फार वाईट असते कारण माल चांगला असतो, गिऱ्हाईक खूश असतं आणि तरी दुकान मिटतं.

आणि तुमच्या कष्टाचं काय? १८० आणि २२० मध्ये भाजणाऱ्या बायकांची मजुरी आहे, तुमची नाही. महिन्याला ४० म्हणजे वर्षाला ४८० नवी गिऱ्हाइकं, १०६ ने गुणलं तर ५०,८८० रुपये, म्हणजे एका वर्षात जोडलेल्या या सगळ्या लोकांनी आपापल्या पहिल्या बारा महिन्यांत मिळून तुम्हाला दिलेला मोबदला एवढाच. ३५६ घातले तर तुम्ही वर्षभर उन्हात मिरच्या वाळवून पैसे सगळे जाहिरातीला वाहिलेत.

आता बजेट वाढवण्याचं. इथे बहुतेक लोक फसतात म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही मार्चमध्ये १५,००० घातले होते, एजन्सीच्या सांगण्यावरून, आणि नवे ५२ लोक आले. १५,००० भागिले ५२ म्हणजे २८८, एजन्सीवाला म्हणणार बघा, ३२० च्या आतच आहे, मस्त. पण तुम्ही प्रश्न वेगळा विचारा, वरच्या ५,००० मध्ये काय मिळालं? १०,००० मध्ये ४० येतातच, म्हणजे वरच्या ५,००० मध्ये १२ जास्त आले, माणशी ४१७ पडले. एक माणूस ३५६ देतो आणि तुम्ही त्याच्यासाठी ४१७ दिलेत, प्रत्येकी ६१ चा तोटा, आणि तो तोटा सरासरीत लपून गेला कारण आधीच्या ४० स्वस्त लोकांनी त्याला झाकलं. असं होतं कारण जाहिरात आधी त्यांना सापडते ज्यांना घरगुती मसाला हवाच असतो, तेवढे संपले की मग ती तुम्हाला लांबच्या, अर्धवट इच्छेच्या लोकांपर्यंत नेते आणि त्यांना आणायला जास्त पैसे लागतात. म्हणून बजेट वाढवायचं की नाही हे सरासरीवर ठरवायचं नाही, वाढवलेल्या पैशात वाढलेली माणसं किती, यावरच. एका महिन्यावरून पक्कं म्हणता येणार नाही, मार्चमध्ये होळी होती, परीक्षा होत्या, म्हणून हवं तर जानेवारीत परत एकदा १२,००० करून बघा, पण मोजून.

मोजताना जाहिरातीच्या ॲड्स मॅनेजरमधला परचेसचा, म्हणजे खरेदीचा आकडा घेऊ नका. मार्चमध्ये तिथे ७१ दिसतायत आणि शीटमध्ये नवे नंबर ५२. वरचे १९ तुमची जुनीच गिऱ्हाइकं आहेत, त्यांनी जाहिरात बघितली आणि मागवलं, कदाचित तसंही मागवलंच असतं. १५,००० भागिले ७१ केलं की २११ येतात आणि सगळं छान वाटायला लागतं. नवा माणूस म्हणजे ज्याचा नंबर शीटमध्ये आधी कधीच नव्हता तो, दुसरी व्याख्या नाही. जुन्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरातीतून वगळायची सोय तिथे असते, एजन्सीला ती करायला लावा, तुमची फी त्यासाठीच जातेय.

मग वाढवायचं काय? दुसरी ऑर्डर. गळती तिथे आहे हे वर दिसलंच. २०० मधले ६४ ऐवजी ८० लोक दुसऱ्यांदा आले, म्हणजे ४० टक्के, आणि पुढचं सगळं तसंच राहिलं, तर परतीच्या ऑर्डर १६० च्या २०० होतात, माणशी एक पूर्ण, आणि किंमत ३५६ वरून ४०० वर जाते. म्हणजे पहिल्या पार्सलवर माणशी १५ रुपये जास्त गेले तरी परवडतं. थालीपिठाच्या भाजणीचं दोन थालीपिठं होतील एवढं छोटं पाकीट टाका, ज्यांनी मसालाच घेतला त्यांना, आणि चाळिसाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर एक साधा मेसेज, मसाला संपत आला असेल. आधी नाही, पंधराव्या दिवशी मेसेज आला की लोक ब्लॉक करतात. पण हे काम करतंय का ते कळायला फोनचा शेवटचा आकडा सम असेल त्यांनाच पाकीट टाका, विषम असेल त्यांना नको, आणि निदान चार महिने चालू द्या. ८० आणि ८० लोक झाल्यावर, त्यातल्या शेवटच्या माणसालाही तीन महिने मिळू देत आणि मग दोन्हीकडचे पहिल्या तीन महिन्यांतले आकडे बघा. तेव्हाही इकडे दोन माणसं जास्त आली म्हणून खूश होऊ नका, एवढ्या लोकांत दहा-बारा माणसांचा फरक दिसला तरच काहीतरी झालंय असं म्हणा. आणि फुकटच्या पाकिटामुळे दुसऱ्यांदा आलेला माणूस तिसऱ्यांदाही ५९ टक्क्यांनीच येईल असं मी आत्ता छातीठोक सांगणार नाही, त्यासाठी वर्ष जाऊ द्यावं लागेल.

शेवटी दिवाळी, कारण ऑगस्ट चालू आहे आणि एजन्सी तुम्हाला आता रोज फोन करणार. गेल्या ऑक्टोबरमध्ये जाहिरातीतून १५० लोक आले, बहुतेकांनी चकलीची भाजणी घेतली, आणि तुमचे ३६,००० गेले, माणशी २४०. गेल्या नऊ महिन्यांत त्यातले २१ परत आले, १४ टक्के, आणि परतीच्या ऑर्डर झाल्या ३०. जानेवारी-जूनच्या गटाचे नऊ महिन्यांपर्यंत ५८ परत आले होते, २९ टक्के, म्हणजे हा फरक वेळेचा नाही, लोकच वेगळे आहेत. त्यांना वर्षातून एकदा चकल्या करायच्या असतात. किंमत काढली तर १८० अधिक ०.२ गुणिले २२०, म्हणजे २२४, आणि तुम्ही दिलेत २४०. आत्तापर्यंत प्रत्येकी १६ तोटा.

आत्तापर्यंत असं म्हणतोय कारण ही माणसं या दिवाळीला येतील की नाही ते अजून कळायचंय, आणि इथे १२ महिन्यांची मोजपट्टी चुकते. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २०-२१ ऑक्टोबरला होतं, यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षी ५ ऑक्टोबरला भाजणी मागवलेली बाई यंदा २३-२४ ऑक्टोबरच्या आसपास मागवणार, म्हणजे ३६५ दिवस उलटून गेल्यावर, आणि तुमचं फिल्टर तिला «परत आली नाही» म्हणून टाकणार. सणाच्या गिऱ्हाइकांना ३६५ नाही, ४२० दिवस द्या, दिवाळी कुठेही सरकली तरी त्यात येते.

म्हणून या दिवाळीला नव्या माणसामागे २२० च्या वर जायचं नाही, आणि सणाच्या तोंडावर सगळेच फराळवाले जाहिरात करतात तेव्हा दर चढतात, २२० मध्ये लोक येईनासे झाले की त्या दिवशी जाहिरात थांबवा, उरलेले पैसे तसेच ठेवा. त्याआधी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या १५० जणांना व्हॉट्सॲप करा, चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ कधीपर्यंत मागवलं तर वेळेवर पोचेल ते तारखेसकट लिहून, पुण्या-मुंबईच्या पत्त्यांना दोन दिवस जास्त धरून. आणि १५ नोव्हेंबरला शीट परत उघडा, त्या १५० पैकी किती जणांनी ऑर्डर दिली ते मोजा आणि मला पाठवा. आजवरच्या हिशेबात प्रत्येकी १६ चा तोटा आहे, तो भरायला १५० गुणिले १६ म्हणजे २,४०० रुपये हवेत, म्हणजे २२० च्या ११ ऑर्डर. त्या १५० मधून ११ आल्या तर गेल्या वर्षीची दिवाळीची जाहिरात बरोबरीत सुटली, आणि ४० आल्या तर पुढच्या वर्षीची मर्यादा आपण परत काढू.